जुन्या फोनवरून बाळाच्या खोलीतला आवाज ऐकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात पडलेल्या जुन्या फोनने हे काम खरंच होतं का?

होतं, पण काम नेमकं कोणतं ते आधी ठरवून घ्या. बाळ माजघरात झोपलंय, तुम्ही स्वयंपाकघरात किंवा मागच्या पडवीत आहात, आणि ते जागं होऊन रडलं तर तुम्हाला ऐकू यायला हवं. इतपत काम जुना अँड्रॉइड फोन चांगलं करतो. बाळाचा श्वास त्याला समजत नाही. तोंडावर दुपटं आलं, तर ते कळवत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये झोपेच्या सुरक्षिततेबद्दलच्या सूचना नव्याने दिल्या. बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर झोपवा, आजूबाजूला उशा आणि मऊ कपडे नकोत, आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागी झोपू दे, असं त्यांत आहे. घरगुती मॉनिटरमुळे झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो असं धरून चालू नका, हेही त्यांनी सांगितलं आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: फोन दिवसाच्या झोपेसाठी, रात्री मात्र बाळ तुमच्याच खोलीत. कापडी झोळीत बाळाची मान पुढे झुकू शकते आणि श्वास अडला तरी आवाज होत नाही. झोळीतल्या बाळासाठी फोनवर विसंबून दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

व्हॉट्सॲप कॉल लावून ठेवला तर नाही चालत?

बहुतेक घरांत सुरुवात अशीच होते. पण कॉल बनवलेला असतो माणसाच्या बोलण्यासाठी. पंख्याची घरघर, लांबची कुजबुज असले आवाज तो मुद्दाम गाळून टाकतो. पलीकडे कोणी बोलत नसेल तेव्हा तुमच्याकडे जवळजवळ पूर्ण शांतता येते. बाळाचं सुरुवातीचं कुरकुरणं या गाळणीत हरवू शकतं.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कॉल मधेच तुटला तरी तुमच्याकडे शांतताच, आणि बाळ गाढ झोपलं असलं तरी शांतताच. या दोन शांततांमधला फरक ऐकून कळला पाहिजे. या पानावरची बाकी सगळी उत्तरं त्यासाठीच आहेत.

मग तो फरक कसा कळायचा?

जुन्या फोनच्या शेजारी टिकटिक करणारं साधं घड्याळ ठेवा. बाळाजवळ नको, फोनच्या माइकजवळ, वीतभर अंतरावर. तुमच्या हातातल्या फोनवर ती टिकटिक सतत ऐकू आली पाहिजे. ती येते आहे तोवर माइक चालू आहे, वायफाय चालू आहे, ॲप जिवंत आहे आणि तुमच्या फोनचा आवाज वर आहे, हे चारही एकदम समजतं. टिकटिक थांबली की कारण शोधत बसू नका. आधी उठून बाळाकडे जा, फोन नंतर बघा.

यासाठी आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवणारं ॲप लागतं. मी अँड्रॉइडवरचं IP Webcam सुचवते. ते घरातल्या वायफायवरच चालतं, आवाज बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर जात नाही, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

जोडणी कशी करायची?

आधी जुना फोन रिकामा करा. तुमचे फोटो आणि नंबर काढून घ्या, जुनं गूगल खातं फोनमधून काढा, मग फोन फॅक्टरी रिसेट करा. सिम आणि मेमरी कार्ड बाहेर. ॲप उतरवण्यासाठी नवं, वेगळं खातं उघडा, ज्यात तुमची मेल, फोटो, पैसे यांतलं काहीच नसेल. जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं केव्हाच थांबलेलं असतं. म्हणून कोणी आत शिरलं तरी त्याच्या हाती काही लागू नये, अशाच अवस्थेत तो ठेवायचा.

ॲप उतरवल्यावर सेटिंग्जमध्ये Local broadcasting आणि तिथे Login/password असं मिळेल. तिथे नाव आणि लांब पासवर्ड द्या. हे न करता पुढे गेलात तर तुमचं वायफाय वापरणारा कुणीही आवाज ऐकू शकतो, पासवर्ड मागून घेतलेले शेजारीसुद्धा. मग यादीच्या तळाशी Start server दाबा. स्क्रीनवर `http://192.168.1.23:8080` यासारखा पत्ता दिसेल, तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील.

आता हातातल्या फोनवर VLC हे प्लेअर उघडा, नेटवर्क स्ट्रीममध्ये तोच पत्ता पुढे `/audio.wav` जोडून टाका, म्हणजे

```
http://192.168.1.23:8080/audio.wav
```

नाव-पासवर्ड दिल्यावर टिकटिक सुरू होईल. VLC स्क्रीन बंद असतानाही वाजत राहतं, म्हणून फोन खिशात ठेवून कामं करता येतात. आवाज थोडा उशिरा येतो. हा उशीर किती आहे ते एकदा टाळी वाजवून बघून घ्या. तो वाढत चाललाय असं वाटलं तर स्ट्रीम बंद करून पुन्हा लावा.

राहिली बॅटरीची सेटिंग. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, न वापरलेली ॲप फोन आपोआप झोपवतो. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये या ॲपसाठी बॅटरीची बंधनं काढून टाका, नाहीतर अर्ध्यापाऊण तासाने टिकटिक गप्प होईल. काही कंपन्यांचे फोन यानंतरही ॲप बंद करतात. बाळासाठी वापरण्याआधी एक पूर्ण रात्र रिकाम्या खोलीत लावून बघा.

कॅमेरा लावू का? बाळ दिसलं तर बरं वाटेल.

अंधारात फोनच्या कॅमेऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. टॉर्च लावला तर बाळ जागं होतं आणि फोन तापतो. चित्र पाठवत राहिल्याने बॅटरीवरही भार येतो. कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावा, पुढच्याही आणि मागच्याही. आई बाळाला पाजते, कपडे बदलते त्या खोलीत कॅमेरा उघडा राहू नये, हे कारण मला बाकी सगळ्यांहून मोठं वाटतं.

चिऱ्यांचं जुनं घर आहे. रेंज पोचेल का?

फोंड्याच्या बाजूच्या आमच्या मावशीच्या घराचं उदाहरण घेऊ. पुढे सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर, आणि विहिरीपलीकडे कुळागर. भिंती जाड, चिऱ्याच्या. राउटर सोप्यावर, टीव्हीच्या मागे. मावशीची सून बाळाला माजघरात निजवून मागे कामं करते.

तिने हातात फोन घेतला, टिकटिक लावली आणि चालत निघाली. स्वयंपाकघरात आवाज स्वच्छ. मागच्या पडवीत पाऊल टाकल्यावर तो तुटक, आणि विहिरीशी पूर्ण बंद. सोप्यावरून येणाऱ्या लहरींना तिच्यापर्यंत पोचायला एकामागून एक तीन भिंती ओलांडाव्या लागत होत्या, आणि चिरा, त्यातही पावसात ओल धरलेला चिरा, लहरी चांगल्याच शोषून घेतो.

राउटर टीव्हीच्या मागून काढून माजघराच्या दारावरच्या फळीवर आणला, दोन्ही फोन 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर हार मानतो. आवाजाला वेग फारसा लागतच नाही. एवढं केल्यावर मागच्या पडवीतही टिकटिक सलग येऊ लागली. विहिरीशी ती अजूनही अडखळत होती.

मग घरात ठरलं: पडवीपर्यंत फोनच्या भरवशावर, विहिरीवर किंवा कुळागरात जायचं तर कुणीतरी बाळाजवळ बसायचं. तुमच्या घरातही अशी एक हद्द चालत जाऊन आखा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. रेंज असली तरी हद्द आणखी एका गोष्टीवर ठरते. रडणं ऐकल्यावर मिनिटभराच्या आत बाळाजवळ पोचता येईल तेवढंच अंतर धरायचं.

जोडणी ठीक आहे, तरी रडणं ऐकू आलं नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा दोष ऐकणाऱ्या फोनकडे असतो. तुम्हाला कोणाचा फोन आला की VLC थांबतं, आणि बोलणं संपल्यावर ते दर वेळी आपोआप सुरू होईलच असं नाही. वहिनीशी दहा मिनिटं गप्पा झाल्या, फोन खिशात गेला, आणि टिकटिक परत आलीच नाही हे लक्षातही राहिलं नाही, हा नेहमीचा प्रकार. शक्य असेल तर ऐकण्यासाठी तिसरा फोन किंवा टॅब वापरा, ज्यात सिम नाही. नसेल तर बोलणं संपताच टिकटिक आहे का ते ऐकायची सवय लावून घ्या.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. तुमचा फोन सोप्यावरच्या स्पीकरला किंवा गाडीला आपोआप जोडला जातो आणि बाळाचं रडणं तिकडे वाजतं. ऐकताना ब्लूटूथ बंद ठेवा.

आणि मिक्सर. हुमणासाठी खोबरं वाटायला घेतलं की खिशातल्या फोनचा आवाज ऐकूच येत नाही. एका कानात वायरचा इअरफोन घाला, किंवा वाटण करण्याआधी बाळाला एकदा बघून या.

पावसात काय करायचं?

जून-जुलैतला पाऊस कौलांवर, आणि त्याहून जास्त पत्र्यांवर, असा कोसळतो की माइकला दुसरं काहीच ऐकू जात नाही. टिकटिकही त्यात बुडते, म्हणजे आपली परीक्षाच बंद पडते. त्यावर सेटिंगमध्ये काही उपाय नाही. सर जोरात आली की बाळाच्या खोलीत जाऊन बसा, सर ओसरेपर्यंत.

विजा चमकत असतील तर दोन्ही फोनचे चार्जर आणि राउटरचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लायट गेली की?

राउटर बंद, वायफाय बंद, टिकटिक बंद. टिकटिकीमुळे हे निदान लगेच कळतं. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीवरचा यूपीएस घेतलात तर साध्या खंडात काम चालू राहतं. तो नसेल तर तुमच्या हातातल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून जुना फोन त्याला जोडून ठेवता येतो. हे दिवस चांगले असताना करून बघा, कारण तेव्हा पत्ता बदलतो आणि VLC मध्ये नवा टाकावा लागतो. हॉटस्पॉटची रेंज राउटरपेक्षा कमी असते, म्हणून हद्द पुन्हा चालत आखा. चिऱ्याच्या घरात ती एखाद्या भिंतीपलीकडे जाईलच असं नाही.

फोन ठेवायचा कुठे? पाळण्याला बांधला तर?

पाळण्याला नको, गादीवर नको, मच्छरदाणीच्या आत तर नकोच. वायर बाळापासून निदान एक मीटर लांब हवी, कारण हातात आलेली वायर बाळ ओढतं आणि ती मानेभोवती अडकू शकते. पाळणा असेल तर अंतर तो स्थिर असताना मोजू नका. पूर्ण झोक्यात पाळणा जिथपर्यंत येतो, तिथून मोजा. बाळ धरून उभं राहायला लागलं की पुन्हा मोजा, तोवर त्याचा हात बराच लांब पोचलेला असतो.

फोन उघड्या दगडी कट्ट्यावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा, आजूबाजूला कापड नको. जुन्या घरांत भिंतीतला कोनाडा सोयीचा वाटतो, पण आत हवा खेळत नाही, फोन तापतो आणि आवाजही घुमतो. पंख्याचा झोत थेट माइकवर येऊ देऊ नका, नाहीतर नुसती घरघर ऐकत बसाल. बाळापासून दीड-दोन मीटरवर, पंख्याच्या झोताबाहेर, आणि माइक बाळाकडे, एवढं पुरतं.

सतत चार्जिंगला लावून ठेवलेला चालतो का?

यात मी ठाम आहे: नाही. जुनी लिथियम बॅटरी, शंभर टक्के चार्ज, मे महिन्यातला उकाडा आणि सतत चालू ॲप, हे सगळं एकत्र आलं की बॅटरी फुगू शकते. मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन कडेने वर आलीय, किंवा फोन सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलतोय, यांतलं एकही लक्षण दिसलं तर फोन बंद करून घरातल्या माणसांपासून आणि कपड्यांपासून दूर ठेवा. दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तो फोन ई-कचऱ्याच्या संकलनात द्यायचा.

चांगल्या बॅटरीचा फोनही बाळाच्या झोपेपुरताच वापरा. आधी चार्ज करून घ्या, झोपेच्या वेळी वायर काढून ठेवा. वायर नसली की तिची काळजीही नसते. दोन तास ॲप चालवून बॅटरी किती उतरते ते बघा. दोन तासांत अर्ध्याहून जास्त उतरली किंवा फोन हातात धरवत नाही इतका तापला, तर त्या फोनचा नाद सोडा.

पणजीत कामावर असताना घरचा आवाज ऐकता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण मी तसं करू नका म्हणेन. राउटरमध्ये पत्त्यातलं 8080 हे दार बाहेरून उघडलात की तुमच्या घरचा माइक साऱ्या जगाच्या दारात उभा राहतो, आणि असे उघडे दरवाजे सतत शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत असतात. शिवाय हे ॲप साध्या `http` वर चालतं, म्हणजे आवाज आणि पासवर्ड दोन्ही वाटेत वाचता येतात. घरच्या वायफायवर, पासवर्ड चांगला असेल तर, ते चालून जातं. बाहेर नाही.

आणि पणजीत ऐकलंत तरी पोचणार कधी? घरात जो माणूस बाळ सांभाळतोय त्याच्या हातात तो आवाज असला पाहिजे.

बाळाला सांभाळायला बाई येते. तिला सांगायलाच हवं का?

हवं, पहिल्याच दिवशी, तोंडी, फोन दाखवून. माइक फक्त बाळाचं ऐकत नाही. बाई आपल्या घरी फोन करते, आजी पोथी वाचते, सून माहेरी बोलते, शेजारीण मन मोकळं करायला येते. हे सगळं पडवीत बसलेल्या माणसाला ऐकू जातं. त्यांना माहीत नसताना ऐकणं म्हणजे चोरून ऐकणं, मग हेतू कितीही चांगला असो.

मावशीच्या घरात एक वाक्य पाठ झालंय, "बाळाजवळ फोन चालू आहे हं, आवाज बाहेर येतो." खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. फोन दिसेल असाच ठेवलेला असतो. बाळ उठलं की आधी ॲप बंद, मग बाळाला उचलायचं. रेकॉर्डिंग कधीच नाही, कारण त्याची काही गरजच नसते. बाईवर विश्वास बसत नसेल तर तो प्रश्न लपवलेल्या माइकने सुटणार नाही. तिच्याशी बोला, किंवा घरचं माणूस सोबत ठेवा.

आजीच्या खोलीत लावला तर? पडली तर कळेल ना.

आजीला विचारा. ती हो म्हणाली तर लावा, नको म्हणाली तर तिचा शब्द अखेरचा. बऱ्याच आजींना उशाशी हाताला येईल अशी घंटा किंवा वायरलेस बेल जास्त पटते, कारण ती कधी वाजवायची ते त्या ठरवतात.

पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या खोलीत, सुरक्षेसाठी?

नाही. घरातली एक खोली पर्यटकांना देणारे बरेच जण आपल्याकडे आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ई कलमानुसार कुणाच्या गुप्तांगांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलम स्त्रीच्या खाजगी क्षणी तिला चोरून पाहणं किंवा टिपणं यासाठी आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती, वैयक्तिक वापर वगळला आहे, पण भाड्याची खोली हा धंदा आहे, घरगुती वापर नव्हे. खोली देताना तिथे जुना फोन, जुना टॅब, चार्जरला लावलेलं काहीही उरलेलं नाही ना, हे स्वतः बघून घ्या.

आयफोनमध्ये रडणं ओळखायची सोय आहे म्हणे?

आहे, iOS 14 पासून, आवाज ओळखण्याच्या सोयीत बाळाचं रडणंही आहे. ते ऐकू आलं की फोन सूचना देतो. पण ज्या प्रसंगी इजा होऊ शकते तिथे यावर विसंबू नका, असं ॲपलनेच सांगून ठेवलंय. ऐकायला कमी येणाऱ्या पालकांना जोडीला उपयोगी आहे, एकट्याने पुरणारी नाही.

हे सगळं बंद कधी करायचं?

बाळ चालत येऊन तुम्हाला हाक मारू लागलं की माइकचं काम संपलं. बोलायला लागलेल्या मुलाचं एकट्याने चाललेलं बोलणं त्याचं स्वतःचं असतं, ते पडवीत वाजवायचं नाही. ॲप काढा, फोन पुन्हा रिसेट करा, राउटरच्या यादीतून तो काढून टाका आणि वायफायचा पासवर्ड बदला. बॅटरी अजून चांगली असेल तर फोन दुसऱ्या कुठल्या कामाला येईल, नसेल तर ई-कचऱ्यात.